पहिली डेट फसल्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिली भेट बिनसल्यावर लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. मुलगे विचारतात, मुली विचारतात, घटस्फोटानंतर चाळिशीत पुन्हा कुणाला भेटू लागलेलेही विचारतात. उत्तरं बहुतेकांना सारखीच लागू पडतात. घाईत असाल तर प्रश्न १ आणि ४ आधी वाचा.

१. कालची डेट फारच वाईट गेली. रात्री झोप लागली नाही. आत्ता लगेच काय करू?

पहिल्या रात्री कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. अ‍ॅप काढून टाकणं, समोरच्याला अनमॅच करणं, माफीचा लांबलचक मेसेज पाठवणं, जुनं चॅट वरून खालपर्यंत पुन्हा वाचणं, या चारही गोष्टी रात्री अकरानंतर फार गरजेच्या वाटतात. सकाळी त्यातल्या बहुतेकांची गरज उरलेली नसते. पण समोरच्याने वाचलेला मेसेज परत घेता येत नाही.

जेवण झालं नसेल तर जेवा. डेटच्या आधी पोटात कालवाकालव होते म्हणून अनेक जण दुपारपासून काही खात नाहीत आणि मग रिकाम्या पोटी कॉफी पितात. हात थरथरणं, छाती धडधडणं यातलं बरंच काही त्या कॉफीमुळे असतं. तिथूनच 'मी किती घाबरट आहे' हा निष्कर्ष निघतो. दारू टाळा. तिने झोप लवकर लागल्यासारखी वाटते, पण पहाटे मोडते, आणि पहाटे चारला आठवणारी डेट संध्याकाळच्या डेटपेक्षा नेहमीच भयंकर असते.

मग एका चिठ्ठीवर लिहा: 'उद्या संध्याकाळी सात ते सात वीस, कालच्या भेटीबद्दल.' चिठ्ठी उशाशी ठेवा. 'विचार करायचा नाही' असं ठरवलं की विचार जास्तच येतात. 'उद्या सातला करायचा' असं ठरवलं तर मनाला थांबायला जागा मिळते. विषय परत आला की चिठ्ठीकडे बघायचं आणि कूस बदलायची. त्या वीस मिनिटांत काय करायचं ते प्रश्न ४ मध्ये आहे.

२. तेच तेच प्रसंग डोक्यात का फिरत राहतात?

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सामाजिक भीतीची एक मांडणी केली. तिच्यात या प्रकाराला स्वतंत्र जागा आहे: प्रसंग संपल्यावर त्याची मनात चालणारी उलटतपासणी. आपण तिला रवंथ म्हणू.

ती इतकी एकतर्फी का होते, याचं कारण प्रत्यक्ष भेटीतच असतं. घाबरलेल्या माणसाचं लक्ष स्वतःवर खिळलेलं असतं. आवाज कापतोय का, घाम दिसतोय का, पुढचं वाक्य काय बोलायचं, एवढंच चाललेलं असतं. त्यामुळे समोरच्याचा चेहरा, त्याचे प्रश्न, त्याचं हसणं हे मनात नीट नोंदलंच जात नाही. रात्री आठवायला बसलं की हाती लागते ती स्वतःची अस्वस्थता. मधल्या रिकाम्या जागा मन त्याच अस्वस्थतेने भरून काढतं. 'ती कंटाळली होती' ही बहुतेक वेळा आठवण नसते, अंदाज असतो. पण तो आठवणीसारखाच ठाम वाटतो.

रवंथ आणि विचार यांतला फरक ओळखायला सोपी खूण आहे. दहा मिनिटांनंतर एखादी नवी गोष्ट आठवली किंवा काही ठरलं, तर तो विचार. 'मी असं का बोललो' या वाक्यापाशीच परत आलात, तर रवंथ. मग उठून भांडी घासा, गच्चीवर जा, कुणाला तरी वेगळ्याच कामासाठी फोन करा.

३. पण माझी फजिती समोरच्याला दिसलीच ना? माझ्या शर्टावर सॉस सांडला होता.

दिसली असेल, पण तुम्हाला वाटते तेवढी नाही. कॉर्नेल विद्यापीठात टॉम गिलोविच आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा, एका गायकाचा मोठा चेहरा छापलेला टीशर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. जवळपास निम्म्या लोकांच्या टीशर्ट लक्षात आला असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो सुमारे पाव लोकांच्याच लक्षात आला होता.

दुसरा अभ्यास २०१८ चा, एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांचा. अनोळखी माणसांना गप्पा मारायला लावल्या आणि नंतर विचारलं, 'समोरच्याला तुम्ही किती आवडलात असं वाटतं?' लोकांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी निघाला. सरासरी पाहता लोकांना वाटत होतं की आपल्याला तो जेवढा आवडला, तेवढे आपण त्याला आवडलो नाही.

या अभ्यासाची मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. माणूस म्हणून आवडणं आणि प्रेमाच्या दृष्टीने ओढ वाटणं या वेगळ्या गोष्टी आहेत. या अभ्यासावरून 'तिला मी आवडलोच असेन' असं म्हणता येत नाही. 'तिला माझा तिटकारा आला असेल' हा अंदाज बहुधा चुकीचा आहे, एवढंच म्हणता येतं. आज रात्रीपुरतं तेवढं बास आहे.

४. 'यातून शिक' असं सगळेच सांगतात. नेमकं करायचं काय?

वही घ्या, मोबाईल नको. मोबाईलवर लिहिता लिहिता माणूस चॅट उघडतोच. पान आडवं धरून तीन रकाने आखा. घड्याळ लावून वीस मिनिटं बसा, भेटीनंतर साधारण एका दिवसाने. त्याच रात्री बसलात तर राग आणि लाज लिहिली जाते. आठवडा गेला तर तपशील पुसट होतात.

पहिला रकाना 'घडलं'. इथे फक्त कॅमेऱ्याने टिपलं असतं ते लिहायचं. 'तो दुर्लक्ष करत होता' हे इथे बसत नाही. 'त्याने दोनदा फोन पाहिला' हे बसतं. बरं घडलेलंही लिहायचं, निदान दोन गोष्टी. काहीच आठवत नसेल तर भेट पहिल्या मिनिटापासून क्रमाने आठवा: दारात काय म्हणालो, कुठे बसलो, काय मागवलं. एखादा तरी हसरा क्षण बहुधा सापडतो.

दुसरा रकाना 'मी लावलेला अर्थ'. प्रत्येक खटकणाऱ्या घटनेसमोर मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं लिहा, कितीही बोचरं असलं तरी. मग त्याखाली त्याच घटनेचे आणखी दोन शक्य अर्थ लिहा. ते तुम्हाला पटलेच पाहिजेत असं नाही, शक्य असले की झालं. पहिला अर्थ खोटा पाडायचा नाही. तो अनेक अर्थांपैकी एक आहे, हे डोळ्यांसमोर यावं, यासाठी हा रकाना आहे.

तिसरा रकाना 'पुढच्या वेळी'. यात एकच ओळ. दोन नाहीत. ती ओळ कृतीची हवी. 'आत्मविश्वासाने वागेन' ही कृती नाही. 'जायच्या तासभर आधी पोळीभाजी खाऊन निघेन' ही कृती आहे.

बहुतेकांचं गणित या तिसऱ्या रकान्यात चुकतं. उत्साहात सात सुधारणा लिहिल्या जातात आणि पुढच्या डेटला माणूस मनातल्या मनात ती यादी तपासत बसतो. म्हणजे लक्ष पुन्हा स्वतःवर, आणि प्रश्न २ मध्ये सांगितलेला सगळा प्रकार नव्याने सुरू.

वीस मिनिटं झाली की वही मिटा. उद्या पुन्हा उघडायची नाही.

५. एखादं उदाहरण पूर्ण करून दाखवाल का?

समजा, २९ वर्षांची मुलगी आहे. सोलापूरची, नोकरी हिंजवडीत. शनिवारी संध्याकाळी पाचला कोरेगाव पार्कच्या कॅफेत भेट ठरली. ती वीस मिनिटं उशिरा पोचली. सकाळपासून फक्त चहा-बिस्किटं झाली होती. दोन कोल्ड कॉफी घेतल्या. ऑफिसमधल्या मॅनेजरबद्दल बराच वेळ बोलली. त्याने दोनदा फोन पाहिला. बिल आल्यावर तो म्हणाला, 'टीटीएमएम करूया?' सहा वाजून दहा मिनिटांनी 'मला एक काम आहे' म्हणून तो निघाला. रात्री मेसेज नाही. तिच्या मनातला निकाल: 'मी बोअर आहे. मला कुणी पसंत करणार नाही.'

पहिल्या रकान्यात वरच्या घटना येतील, निकाल येणार नाही. शिवाय हेही येईल: पुस्तकांचा विषय निघाला तेव्हा दोघं मोकळेपणाने हसले. त्याने सोलापूरबद्दल स्वतःहून दोन प्रश्न विचारले.

दुसऱ्या रकान्यात ती फोनची घटना घेते. पहिला अर्थ, 'त्याला कंटाळा आला.' दुसरा, 'त्याला खरंच काम होतं आणि तो वेळ बघत होता.' तिसरा, 'मॅनेजरचा विषय त्याला कंटाळवाणा झाला, मी नाही.' हा तिसरा अर्थ महत्त्वाचा, कारण विषय बदलता येतो. टीटीएमएमचा पहिला अर्थ 'मी आवडले नाही' असा होता. पण पुण्यात कितीतरी जण, चांगली ओळख झाल्यावरही, बिल अर्धं अर्धं करतात. त्यावरून काहीच ठरत नाही. सहा दहाला निघणं म्हणजे ती आल्यापासून पन्नास मिनिटं. कॉफीच्या पहिल्या भेटीसाठी ही काही खूप कमी वेळ नाही, आणि पहिली वीस मिनिटं तो एकटा बसला होता.

आता तिसरा रकाना. सुचलेल्या सुधारणा चार: लवकर निघणं, जेवून जाणं, जवळची जागा ठरवणं, मॅनेजरबद्दल न बोलणं. यातली कुठली निवडायची? जिच्यामुळे बाकीच्यांवरही आपोआप परिणाम होईल ती. हिंजवडीकडून शनिवारी संध्याकाळी कोरेगाव पार्क गाठायचं म्हणजे सगळं शहर ओलांडायचं. त्यातून उशीर, उशिरातून धावपळ, धावपळीतून घाबरून एकाच विषयाला चिकटणं. म्हणून तिची ओळ अशी: 'पुढची भेट बाणेर किंवा औंधला, रविवारी सकाळी अकरा वाजता, नाश्ता करून.'

मॅनेजरचं काय? ते पुढच्या भेटीतही निघालं तर त्यानंतरच्या वेळी ती ओळ. आत्ता फक्त तपासायची खूण ठरवायची: भेटीहून परत आल्यावर समोरच्याबद्दल तीन नव्या गोष्टी सांगता येतात का? येत असतील तर लक्ष स्वतःवरून हटलं होतं. डेट पुढे सरकली की नाही, यापेक्षा ही खूण भरवशाची, कारण ती आपल्या हातातली आहे.

६. स्वतःशी इतकं मऊ वागलं तर मी सुधारणार कशी? थोडं झापून घेतलं तरच फरक पडतो.

ही समजूत आपल्याकडे शाळेपासून घट्ट बसलेली आहे. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये ती तपासली. विद्यार्थ्यांना शब्दांची अवघड चाचणी दिली. काहींना सांगितलं, 'चाचणी कठीण आहे, अनेकांना जड जाते, स्वतःवर फार कठोर होऊ नका.' दुसऱ्या चाचणीआधी या गटाने अभ्यासाला जास्त वेळ दिला. कारण समजण्यासारखं आहे. चुकीकडे पाहिल्यावर दर वेळी थप्पड बसणार असेल, तर माणूस चुकीकडे पाहणंच टाळतो.

अल्बर्ट एलिस यांनी उभारलेल्या आणि मुंबईच्या कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीत यासाठी एक नेमका भेद केला जातो: कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. 'मी अर्धा तास एकटीच बोलत होते, ते जास्त झालं' हे परखड वाक्य आहे आणि ते लिहायलाच हवं. 'मी बडबडी, बिनडोक आहे' यात सुधारण्यासारखं काही हाती लागत नाही.

वाक्य तपासायची एक युक्ती: स्वतःला नाव घेऊन हाक मारा. इथन क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासांत 'मी'ऐवजी स्वतःच्या नावाने स्वतःशी बोलणाऱ्यांना ताणाच्या प्रसंगानंतरची उलटतपासणी कमी छळते, असं दिसलं. धाकट्या बहिणीला समजवाल त्या सुरात, स्वतःचं नाव घेऊन: 'अगं, तू घाबरली होतीस, म्हणून बोलत सुटलीस. पुढच्या वेळी काय करशील?' आधी विचित्र वाटतं. म्हणून हे बंद खोलीत करा.

७. मी आधी मेसेज करू का? किती वाट बघू?

पुन्हा भेटावंसं वाटत असेल तर दुसऱ्या दिवशी करा. मुद्दाम तीन दिवस थांबण्याने काही मिळत नाही, उलट तेवढे दिवस रवंथ चालतं. दोन ओळी पुरतात: 'काल भेटून छान वाटलं. पुस्तकांवरच्या गप्पा अर्धवट राहिल्या, पुढच्या रविवारी पुन्हा भेटायचं का?' भेटीतला एक खरा तपशील आणि एक थेट प्रश्न. 'मी काल फार बोअर केलं का?' हे लिहू नका. त्याला समोरचा 'नाही, तसं काही नाही' एवढंच म्हणू शकतो, आणि तुमचा त्यावर विश्वास बसणार नाही.

तुम्हालाच पुन्हा भेटायचं नसेल, तर तेही दोन ओळींत सांगा: 'भेटल्याबद्दल थँक्स. मला वाटतं आपलं जुळणार नाही, पण तुला शुभेच्छा.'

८. ब्लू टिक आली, उत्तर नाही. 'नक्की काय खटकलं' असं विचारू का? निदान सुधारता तरी येईल.

विचारू नका. एकदाच भेटलेला माणूस खरं कारण सांगत नाही. ते त्यालाही नीट माहीत नसतं, आणि दुखवायचंही नसतं. जे मिळेल ते एक तर गुळमुळीत असेल किंवा घाव बसेल असं, आणि तुम्ही ते वर्षभर जपून ठेवाल. जुनी नाती, घरचा दबाव, दुसरीकडे चालू झालेली बोलणी, यातलं काहीही कारण असू शकतं आणि त्यातलं काहीच तुमच्या वहीत मावत नाही.

चार-पाच दिवस उत्तर आलं नाही की ते 'नाही' समजा आणि चॅट आर्काइव्ह करा. दुसरा मेसेज नको. मतच हवं असेल, तर तुम्हाला लोकांत वावरताना पाहिलेल्या एका विश्वासू मैत्रिणीला किंवा मित्राला एकदा विचारा. पाच जणांना पाच वेळा सांगितलं तर ते रवंथच, फक्त मोठ्याने.

९. चूक खरंच माझी होती. मी तासभर उशिरा गेलो, आणि तिच्या पगारावरून टोमणा मारला.

मग माफी मागायची. एकदा, थोडक्यात, बदल्यात काही न मागता. 'काल मी तासभर उशिरा आलो आणि पगाराबद्दल बोललो ते चुकीचं होतं. सॉरी. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.' इथे थांबा. ट्रॅफिक, टेन्शन, लहानपण, काही जोडू नका. 'मी खूप वाईट आहे' असं तर मुळीच लिहू नका, कारण मग तुमची समजूत काढायचं काम तिच्या अंगावर पडतं.

तिने माफ केलं नाही तरी माफी वाया गेलेली नाही. त्यानंतर वही उघडा आणि प्रश्न ४ प्रमाणे लिहा. टोमणा कुठून आला हे शोधा. बहुधा त्याच्या आधी मिनिटभर तुम्हाला स्वतःबद्दल कमीपणा वाटला होता. तो क्षण सापडला तर तिसऱ्या रकान्यातली ओळही सापडते.

१०. चूक समोरच्याची होती. तरी मी स्वतःलाच दोष देतेय.

तो तुमच्या जाडीवर बोलला, जात किंवा पगार खोदून विचारत राहिला, वेटरवर ओरडला, नको म्हटल्यावरही हात धरला, अशा भेटींसाठी तिसरा रकाना वापरू नका. 'पुढच्या वेळी मी काय बदलू' हा प्रश्नच इथे चुकीचा आहे. त्याऐवजी एकच ओळ लिहा: 'कुठल्या क्षणी मला निघावंसं वाटलं?' पुढच्या वेळी तोच क्षण आला की उठायचं. कारण द्यावं लागत नाही. 'मी निघते' पुरतं.

जबरदस्ती, पाठलाग किंवा धमकी असेल तर हा आत्मविश्वासाचा विषय उरत नाही. चॅटचे स्क्रीनशॉट ठेवा, जवळच्या माणसाला सांगा आणि तातडीची मदत लागली तर ११२ वर फोन करा. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. पैसे उकळले गेले असतील किंवा फसवून घेतले असतील तर १९३० वर लगेच कळवा. तिथे उशीर जितका कमी, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

११. मी लातूरचा. ती सफाईदार इंग्रजीत बोलत होती, मी अडखळलो. आता अशा मुलींना भेटायचंच टाळतोय.

हा प्रश्न इतक्या जणांकडून येतो की तो वेगळा घेतला आहे. अडखळण्याचं कारण बहुधा भाषेपेक्षा दुहेरी काम हे असतं: मनात मराठी वाक्य, त्याचं भाषांतर, वर व्याकरणाची तपासणी, आणि हे सगळं समोर माणूस बसलेला असताना. एवढ्या ओझ्याखाली विनोद सुचत नाही, प्रश्न सुचत नाहीत, आणि माणूस जितका आहे त्यापेक्षा निरस वाटतो.

उपाय चॅटमध्येच करा. भेटीच्या आधी मराठीत किंवा नेहमीच्या मिसळभाषेत लिहायला लागा आणि सरळ सांगा, 'मी मराठीत जास्त मोकळा बोलतो, चालेल ना?' चालत नसेल तर ते भेटीआधीच कळेल आणि शनिवार वाचेल. बहुतेकींना चालतं. इंग्रजी सुधारायचं असेल तर जरूर सुधारा, पण डेट ही त्याची शिकवणी नव्हे.

१२. भेट घरच्यांनी ठरवली होती. कांदेपोहे झाले, मग दोघांना बाहेर पाठवलं, ते फसलं. आता आई रोज विचारते.

इथे दुखणं दुप्पट होतं, कारण निकाल तुमच्या एकट्याकडे येत नाही. तो मध्यस्थ, मावशी, दोन्हीकडचे आईवडील असा फिरून येतो आणि वाटेत त्याला शब्द चिकटतात. 'मुलीकडचे नाही म्हणाले' इथपासून 'मुलगा फार गप्प आहे म्हणे' इथपर्यंत. ही तिसऱ्या तोंडची वाक्यं पहिल्या रकान्यात लिहू नका. ती घटना नाहीत.

आईला आधीच एक ठरलेलं उत्तर द्या आणि वेळही सांगा: 'आई, आमचं जुळलं नाही. मला दोन दिवस दे, रविवारी आपण नीट बोलू.' रविवारी खरंच बोला. आईच्या रोजच्या विचारण्यामागे राग क्वचितच असतो, काळजीच असते, आणि बोलायचा वार ठरला की तिलाही धीर येतो. शक्य असेल तर पुढच्या स्थळाला घरच्यांच्या बैठकीआधी फोनवर वीस मिनिटं बोलायची परवानगी मागून घ्या. घरातले आठ जण बघत असताना कुणीच स्वतःसारखं वागत नाही.

१३. पुढची डेट कधी घेऊ?

वहीतली एक ओळ ठरल्यावर, साधारण एक ते तीन आठवड्यांत. त्याच रात्री अ‍ॅप उघडून तीन जणांशी भेट ठरवणं म्हणजे मलमपट्टी शोधणं, आणि समोरच्यावर ते ओझं अन्यायाचं आहे. उलट 'पूर्ण बरं वाटेल तेव्हा' म्हणून थांबलात तर भीती वाढते. एखादी गोष्ट टाळली की सुटका झाल्यासारखं वाटतं, आणि 'टाळलं म्हणून बचावलो' हाच धडा मन घेतं.

भेट छोटी ठेवा: चहा-कॉफी, तासभर, निघायची वेळ आधीच सांगितलेली. समोरासमोर बसण्याचं दडपण येत असेल तर चालत चालत भेटा, दिवसाउजेडी, वर्दळीच्या जागी. गप्पांच्या मधली शांतता चालताना बोचत नाही.

१४. हे पाचव्यांदा झालं. आता तरी दोष माझ्यातच आहे ना?

पाचही नोंदी शेजारी ठेवा. नोंदी नसतील तर आठवून पहिला रकाना तरी लिहा. मग बघा की एकच घटना किमान तीनदा आली आहे का. आली असेल तर ती सवय आहे, आणि सवयीवर काम करता येतं. प्रत्येक वेळी कारण वेगळं असेल, तर तो पाच माणसांशी न जुळण्याचा हिशोब आहे. कधी कधी समान धागा भेटीच्या आधीच सापडतो: दर वेळी महिनाभर चॅट करून मनात एक माणूस उभा केला जातो आणि समोर दुसराच येतो. तसं असेल तर आठ-दहा दिवसांत भेटा.

प्रश्न ६ मधल्या एलिस यांनी सांगितलेली त्यांची स्वतःची गोष्ट इथे उपयोगी आहे. १९३३ मध्ये, १९ वर्षांचे असताना, ते मुलींशी बोलायला प्रचंड घाबरत. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून मिनिटभरात बोलायला लागायचं, असं त्यांनी ठरवलं. तीसेक जणी उठून गेल्या, सुमारे शंभर जणींशी बोलणं झालं. डेट ठरली एक, आणि ती आलीच नाही. भेटींच्या हिशोबाने शून्य. पण भीती गेली होती. आज अनोळखी बाईजवळ असं जाऊन बसणं योग्य नाही, ते करू नका. घेण्यासारखं एवढंच, की त्यांनी मोजलं ते स्वतः काय केलं हे, समोरून काय आलं हे नाही.

१५. हे साधं वाईट वाटणं नाही, काहीतरी जास्त आहे, हे कसं ओळखू?

दोन आठवडे उलटूनही झोप, जेवण किंवा काम बिघडलेलं असेल, केवळ डेट नव्हे तर मीटिंग, लग्नसमारंभ, दुकानात बोलणंही टाळलं जात असेल, भेटीत श्वास कोंडून पळून जावंसं वाटलं असेल, तर समुपदेशकाशी बोला. सामाजिक भीतीवर चांगले उपचार आहेत आणि ते अनंतकाळ चालत नाहीत. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडे थांबू नका, आजच फोन करा आणि घरातल्या एकाला तरी सांगा.

१६. मला वाटलं सगळं फसलं, आणि आठवड्याने तिचाच मेसेज आला: 'पुन्हा भेटायचं का?' आता काय करू?

लगेच 'हो' लिहू नका. या क्षणी जो आनंद होतो त्यात आवडीपेक्षा सुटकेचा भाग मोठा असतो: 'म्हणजे मी नापास नव्हतो तर.' त्या सुटकेपोटी, खरं तर न आवडलेल्या माणसालाही होकार जातो. एक रात्र जाऊ द्या. मग पहिला रकाना वाचा, आणि आठवडाभरात प्रथमच हा प्रश्न स्वतःला विचारा: ती मला आवडली होती का? तिच्याबद्दलच्या कुठल्या दोन गोष्टी अजून आठवतात? उत्तर 'हो' असेल तर भेटा, आणि तेव्हा मागच्या वेळच्या फजितीचं स्पष्टीकरण द्यायला बसू नका. तिच्या ती लक्षातही नसेल.